प्रस्तावना: जादा हजार रुपयांतून काय मिळते?

महाडच्या एका रुग्णालयात झालेल्या वैद्यकीय चाचणीचा निकाल जानेवारी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला प्राझोसिनच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला त्याच गोळ्यांबरोबर विंचवाचे प्रतिविषही दिले. प्रतिविष मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत पूर्ववत झाले. फक्त गोळ्या घेतलेल्यांना १७.७ तास लागले.

वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर एवढ्याने मिळते. प्रतिविषाने रुग्ण लवकर सावरतो. पण तालुक्याच्या औषधखरेदीचा कागद ज्याच्यासमोर येतो, त्याचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. प्रतिविष गोळीपेक्षा कितीतरी महाग आहे. रुग्णाचे सुमारे दहा तास वाचवायला किती पैसे मोजावेत? त्याच पैशांत दुसरे काय करता आले असते? आणि दहा तासांची किंमत ठरवायची कशी, रुपयांत की तासांतच?

हे पुस्तक याच प्रश्नांचे आहे. आरोग्य कार्यक्रमांचा खर्च आणि त्यातून मिळणारे फळ शेजारी शेजारी ठेवून पाहण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत: खर्च-परिणामकारकता विश्लेषण आणि खर्च-लाभ विश्लेषण. पहिल्या पद्धतीचे मुख्य हत्यार म्हणजे वाढीव खर्च-परिणामकारकता गुणोत्तर. पुढच्या प्रकरणांत या सगळ्याचे तंत्र सविस्तर आले आहे. प्रस्तावनेत मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे, ते महाड-पोलादपूरच्या विंचवाचे. ते घेण्याचे कारण असे, की त्यातल्या उपचारांचा इतिहास याच मातीत घडला आहे, आणि या गणिताच्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात उघड दिसतात.

बिरवाडी ते महाड

कोकणातला लाल विंचू दगडांच्या सांदीत, पेंढ्याच्या उडवीत, जळणाच्या ढिगात राहतो. त्याच्या विषाने शरीरातले मज्जातंतू अनावर होतात. सुरुवातीला उलटी, दरदरून घाम, तोंडातून लाळ, थंडगार पडलेले हातपाय अशी लक्षणे दिसतात. मग रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. मृत्यू येतो तो यामुळे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांपैकी तीसएक दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला. १९८०च्या दशकात त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. रक्तदाबासाठी आधीपासूनच उपलब्ध असलेली ही गोळी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे विषाने ज्या वाटेने घात केला त्याच वाटेवर आडवी येते. याविषयीचे त्यांचे टिपण १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिनचा वापर पसरला आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात तीनच्या आत आले.

प्रतिविषाची गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते बनू लागल्यावर प्रश्न उभा राहिला: एक स्वस्त गोळी चांगले काम करत असताना तिला याची जोड द्यावी का? प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण जे विष मज्जातंतूंना आधीच भिडले आहे त्याचे परिणाम ते मागे घेऊ शकत नाही. म्हणजे ते उपयोगी आहे, पण वेळेवर अवलंबून आहे. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी केलेली २०११ ची चाचणी याच प्रश्नाचे उत्तर शोधत होती. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण प्रतिविषाच्या गटात ९१.४ टक्के होते, फक्त गोळ्यांच्या गटात २२.९ टक्के. प्रतिविषाच्या गटाला गोळ्याही कमी लागल्या.

दोन गोष्टी इथेच लक्षात ठेवायला हव्यात, कारण पुढचे सगळे गणित त्यांच्यावर उभे आहे. एक, चाचणीत घेतलेले रुग्ण दुसऱ्या श्रेणीचे होते. विषबाधा सर्व अंगात पसरलेली, पण हृदय, श्वसन किंवा मेंदू अजून बिघडलेला नाही, असे. दोन, चाचणी मोजत होती ती बरे होण्याची वेळ. मृत्यू कमी होतात का, हे तपासण्यासाठी ती रचलेली नव्हती.

खर्चाची बाजू

खर्च-परिणामकारकता विश्लेषणात पहिली पायरी असते ती कोणाच्या खिशातून हिशेब करायचा हे ठरवण्याची. फक्त औषधभांडाराचा खर्च धरायचा, सगळ्या आरोग्ययंत्रणेचा, की रुग्णाच्या घरच्यांचाही? उत्तर बदलले की बेरीज बदलते, म्हणून हा निर्णय गणिताच्या आधी आणि उघडपणे घ्यावा लागतो.

पुढचे दर मी उदाहरणासाठी मानलेले आहेत. ते कोणत्याही वर्षाचे खरेदीदर नव्हेत. वाचकाने त्यांच्या जागी आपल्या जिल्ह्याचे दर घालावेत. प्रतिविषाची कुपी ६०० रुपये आणि एका रुग्णाला तीन कुप्या, म्हणजे १,८०० रुपये. सलाइन व सुई-नळी २०० रुपये. प्राझोसिनची एक मात्रा १० रुपये. प्रतिविषाबरोबर दोन मात्रा, एरवी चार. आणि खाट, परिचारिका, देखरेख यांचा खर्च तासाला १०० रुपये.

फक्त गोळ्यांचा उपचार: औषध ४० रुपये आणि १७.७ तासांच्या खाटेचे १,७७० रुपये, एकूण १,८१० रुपये. प्रतिविष आणि गोळ्या: औषध-साहित्याचे २,०२० रुपये आणि ८ तासांच्या खाटेचे ८०० रुपये, एकूण २,८२० रुपये. जादा खर्च १,०१० रुपये, जादा फळ ९.७ तास. पहिल्याला दुसऱ्याने भागले की वाढीव गुणोत्तर मिळते: वाचलेल्या दर तासाला सुमारे १०४ रुपये.

आता याच गणितातला एक आकडा तपासू. खाटेच्या तासाला १०० रुपये धरले, पण रुग्ण दहा तास आधी घरी गेला म्हणून ते पैसे खरोखर वाचतात का? सहा खाटांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या रात्री दुसरा रुग्णच नसेल, तर परिचारिकेचा पगार तेवढाच राहतो, दिवाही तसाच जळतो. तिथे खाटेची बचत कागदावरच राहते. ती वगळली तर जादा खर्च १,९८० रुपये होतो आणि गुणोत्तर तासाला २०४ रुपयांवर जाते, जवळजवळ दुप्पट. उलट, पावसाळ्यात तापाच्या रुग्णांनी भरून गेलेल्या ग्रामीण रुग्णालयात रिकामी झालेली खाट लगेच दुसऱ्याच्या कामी येते, आणि ती बचत खरी असते. कोणत्याही अहवालात खाटेची बचत दिसली की विचारावे: ती खाट रिकामी झाल्यावर तिथे कोण आले?

कोणाशी तुलना?

गुणोत्तराला 'वाढीव' म्हणतात, आणि या पद्धतीचा सगळा कस त्याच विशेषणात आहे. नव्या उपचाराची तुलना त्याच्या लगतच्या चांगल्या पर्यायाशी करायची असते. ती चुकली, तर आकडे अचूक असूनही निष्कर्ष खोटा निघतो. विंचूदंशाच्या उदाहरणात हे फार स्वच्छ दिसते.

समजा एखाद्या प्रस्तावात असे लिहिले: पूर्वी शंभर गंभीर रुग्णांत ३० मृत्यू होत, प्रतिविष आणि प्राझोसिन दिल्यावर ते ३ वर येतात. शंभर रुग्णांचा औषध-साहित्याचा खर्च २,०२,००० रुपये, वाचलेले जीव २७, म्हणजे एका जीवाला सुमारे साडेसात हजार रुपये. इतक्या स्वस्तात जीव वाचत असेल तर कोण नाही म्हणेल?

आता तोच प्रवास दोन टप्प्यांत करू. पहिला टप्पा, जुन्या उपचाराकडून प्राझोसिनकडे. शंभर रुग्णांना ४,००० रुपयांच्या गोळ्या, आणि मृत्यू ३० वरून ३ वर. एका जीवाला दीडशे रुपयेही लागत नाहीत. दुसरा टप्पा, प्राझोसिनकडून प्राझोसिन अधिक प्रतिविषाकडे. जादा खर्च १,९८,००० रुपये. जादा वाचलेले जीव किती? २०११ च्या चाचणीत याचे उत्तर नाही. सत्तावीसच्या सत्तावीस जीव गोळीने आधीच वाचवले होते. प्रस्तावाने गोळीची पुण्याई प्रतिविषाच्या खात्यावर जमा केली.

अशी गल्लत कोणी लबाडीनेच करते असे नाही. नव्या उपचाराची 'काहीच न करण्या'शी तुलना करणे सोपे असते, कारण त्याचे आकडे हाताशी असतात. पण गावात आज 'काहीच न करणे' अस्तित्वात नाही. तिथे प्राझोसिन आहे. म्हणून पर्याय खर्चाच्या चढत्या क्रमाने मांडावेत आणि प्रत्येक पायरीची फक्त खालच्या पायरीशी तुलना करावी. शेवटच्या पायरीवर फळ वाढत नसेल, तर ते लपायला जागा राहत नाही.

पहिल्या टप्प्यालाही एक मर्यादा आहे. ३० वरून ३ ही तुलना दोन काळांची आहे, एकाच वेळी केलेल्या दोन गटांची नाही. त्या काळात रस्ते झाले, वाहने वाढली, दंशानंतर मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात येणारे वाढले, सौम्य रुग्णही नोंदीत येऊ लागले. सगळे श्रेय एका गोळीला देता येणार नाही. पण २७ पैकी फक्त ५ जीव गोळीने वाचले असे धरले, तरी एका जीवाला ८०० रुपये पडतात. उत्तर बदलत नाही. गृहीतक बदलून पाहण्याच्या या कसोटीला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. निष्कर्ष पक्का आहे की एका आकड्यावर तोललेला आहे, हे तिच्यातून कळते.

तास, वर्षे आणि मर्यादा

तासाला १०४ रुपये हे स्वस्त की महाग? गुणोत्तर स्वतः हे सांगत नाही, आणि इथे या पद्धतीची खरी सीमा येते. विंचूदंशाचा तास आणि लसीकरणाने टळलेला गोवर यांची तुलना करायची तर दोघांना एका मापात आणावे लागते. त्यासाठी गुणवत्ता-समायोजित जीवनवर्ष वापरतात: पूर्ण आरोग्यातले एक वर्ष म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०, आणि आजारातला काळ मधल्या कुठल्यातरी भाराने मोजायचा. भारतात २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची यंत्रणा काम करते. तिच्या अभ्यासांत अशा एका जीवनवर्षासाठी दरडोई सकल देशांतर्गत उत्पादनाइतकी मर्यादा वापरली जाते. हिशेबापुरती ती २ लाख रुपये धरू.

वर्षाचे तास ८,७६०. वाचलेले ९.७ तास म्हणजे वर्षाचा सुमारे नऊशेवा भाग. त्या तासांतला त्रास इतका भयंकर मानला की त्यांचे मोल शून्य, तरी एका जीवनवर्षाचा खर्च निघतो ९ लाख रुपयांच्या वर. निम्मा भार धरला तर १८ लाख. मर्यादा २ लाखांची. म्हणजे तासाला १०४ रुपये ऐकून जो उपचार परवडणारा वाटला, तोच या मापाने साफ नापास होतो. अल्पकाळचा तीव्र त्रास या मापात जवळजवळ दिसतच नाही. रात्रभर तडफडणाऱ्या मुलाच्या आईला हे कोणी पटवून देऊ शकणार नाही, आणि देऊही नये. हा मापाचा दोष आहे, तो मान्य करूनच ते वापरावे.

पण गणित इथे थांबवले तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट हुकते. आपण मृत्यूतला फरक शून्य धरला, कारण तो मोजलेला नव्हता. तो शून्यच आहे असे कोणी सिद्ध केलेले नाही. प्रत्येक गटात ३५ रुग्ण, आणि तेही हृदय अजून शाबूत असलेले. एवढ्या लहान गटांत विरळा मृत्यूंमधला फरक दिसणे शक्यच नाही. मृत्यूचे प्रमाण ३ टक्क्यांवरून निम्म्यावर येते का, एवढे तपासायलाही प्रत्येक गटात सुमारे दीड हजार रुग्ण लागतील.

म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: प्रतिविषाने किती जीव जादा वाचवले, तर ते मर्यादेत बसेल? पंचवीस वर्षांच्या रुग्णाची पुढची ४५ वर्षे धरू. पुढच्या वर्षांचे मोल दरसाल ३ टक्क्यांनी कमी करत आजच्या घडीला आणले, तर ती सुमारे २५ वर्षे भरतात. वर्षाला २ लाख या मर्यादेने त्या जीवासाठी ५० लाखांपर्यंत खर्च मान्य. एका रुग्णामागे जादा खर्च सुमारे हजार रुपये. म्हणजे पाच हजार रुग्णांमागे एक जीव जादा वाचला, तरी प्रतिविष पास.

या एका आकड्याने सगळा निर्णय उघडा होतो. पाच हजारांत एक इतका बारीक फरक कोणतीही व्यवहार्य चाचणी दाखवू शकणार नाही. दुसऱ्या बाजूने, प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, आणि ती हाताळायची तयारी नसलेल्या ठिकाणी तितक्याच विरळ प्रमाणात ते जीव घेऊही शकते. तेव्हा सरसकट 'द्या' किंवा 'देऊ नका' असे उत्तर या पुराव्यातून निघत नाही. निघते ते असे: ज्यांचा मृत्यूचा धोका जास्त आणि जे विष भिनण्याआधी पोहोचले, म्हणजे लहान मुले आणि लवकर आलेले रुग्ण, त्यांच्यात प्रतिविष मर्यादेत बसण्याची शक्यता सर्वांत मोठी, आणि तेही अशा ठिकाणी, जिथे ॲलर्जीवर ॲड्रेनॅलिन तयार आहे.

खर्च-लाभाचा दुसरा रस्ता

खर्च-लाभ विश्लेषण तास किंवा जीवनवर्षे यांच्यावर थांबत नाही. ते फळालाही रुपयांत आणते आणि लाभातून खर्च वजा करते. बाकी अधिक असेल तर करा, उणे असेल तर सोडा. कोणत्याही बाहेरच्या मर्यादेची गरज नाही.

आपलेच उदाहरण घेऊ. प्रतिविषाचा जादा खर्च १,९८० रुपये. लाभात खाटेची बचत ९७० रुपये. शिवाय रुग्ण दहा तास आधी सुटला म्हणून त्याचा एक दिवसाचा रोज बुडाला नाही आणि सोबत आलेल्या माणसाचाही नाही. पोलादपूर तालुक्यातल्या एका शेतमजूर बाईला भातकापणीत विंचू चावला; रोज ४०० रुपये, सोबतच्या नवऱ्याचाही तेवढाच. एकूण लाभ १,७७० रुपये. बाकी उणे २१०. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला कुशल कामगार घ्या. रोज १,००० रुपये, सोबतच्या माणसाचा ४००. लाभ २,३७० रुपये, बाकी अधिक ३९०. आणि घरात असलेली, रोज न कमावणारी आजी? लाभ १,३७० रुपये, बाकी उणे ६१०.

विंचू तोच, विष तेच, वाचलेले तास तेच. तरी गणित म्हणते, कामगाराला प्रतिविष द्या. मजूर बाईला आणि आजीला नको. गणितात कुठेही चूक नाही. दोष या गृहीतात आहे, की माणसाच्या तासाचे मोल म्हणजे बाजारात त्याला मिळणारा रोज. रोजाऐवजी 'त्रास टाळायला तुम्ही किती पैसे द्याल?' असे विचारून मोल काढायची रीतही आहे, पण ज्याच्याकडे पैसे कमी तो कमीच सांगणार. त्या वाटेनेही आपण तिथेच पोहोचतो. खर्च-परिणामकारकता विश्लेषणात मात्र मजूर बाईचा तास आणि कामगाराचा तास हे दोन्ही एकच तास असतात. आरोग्य कार्यक्रमांत ही पद्धत जास्त वापरली जाते, त्याचे माझ्या मते सर्वांत सबळ कारण हे आहे. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत औषध देताना रुग्णाचा रोज विचारण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पण खर्च-लाभ विश्लेषण टाकाऊ नाही. काही प्रश्न फक्त तेच सोडवू शकते. पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीला पक्का रस्ता केला, तर विंचूदंशाचा रुग्ण लवकर पोहोचेल. त्याच रस्त्याने मुले शाळेत जातील, भाजी बाजारात जाईल, बाळंतीण वेळेवर रुग्णालयात येईल. या सगळ्याला एकच आरोग्याचे माप लावता येत नाही. रस्ता की प्रतिविष, असा प्रश्न जिल्हा नियोजनात आला तर फळे रुपयांत आणावीच लागतात. तेव्हा एक काळजी घ्यावी: जीव आणि वेळ यांचे मोल सगळ्यांसाठी एकच धरावे, रोजाप्रमाणे बदलू नये, आणि कोणते मोल धरले ते अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावे. आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो, खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे बाकीच्या आकड्याशेजारी वेगळे दाखवावे. वर मजूर बाईच्या हिशेबात वाचलेले ८०० रुपये तिच्या घरचे होते आणि गेलेले १,९८० रुपये सरकारचे. दोन्ही एका बेरजेत टाकले की हा फरक पुसला जातो.

एक ताकीद दोन्ही पद्धतींना लागू आहे. वाचलेले तास फळात मोजले असतील, तर त्याच तासांचा बुडालेला रोज खर्चातून पुन्हा वजा करू नये. एकच गोष्ट दोनदा मोजली की कोणताही कार्यक्रम चांगला दिसतो. अनेक अहवालांत ही चूक सापडते, आणि ती शोधायला फार विद्वत्ता लागत नाही. खर्चाची यादी आणि फळांची यादी शेजारी ठेवून दोन्हींत तेच नाव येते का, एवढे पाहिले की पुरते.

कुपी कुठे ठेवायची

शेवटचा मुद्दा ठिकाणाचा. महाडच्या रुग्णालयात मोजलेला परिणाम पोलादपूरच्या डोंगरातल्या आरोग्य केंद्रात तसाच मिळेल का? डोंगरवाडीतला रुग्ण उशिरा पोहोचतो, आणि प्रतिविषाचा उपयोग वेळेबरोबर घटतो. मग ९.७ तासांचा फायदा कदाचित चार-पाच तासांवर येईल, खाटेची बचतही तेवढी घटेल आणि गुणोत्तर तिप्पट-चौपट होईल. म्हणून कुपी रुग्णाच्या जवळ, म्हणजे लहान केंद्रात ठेवावी असे वाटते. पण लहान केंद्रात रुग्ण कमी. दोन रुग्णांपुरत्या सहा कुप्या ठेवल्या आणि मुदत संपेपर्यंत एकच रुग्ण आला, तर त्याच्या माथी सहाही कुप्यांचा खर्च बसतो. जादा खर्च १,०१० वरून २,८१० रुपये होतो आणि तासाचा दर १०४ वरून २९० वर जातो.

जवळीक आणि नासाडी यांच्यात तोल साधायचा असेल, तर केंद्रांच्या नोंदवहीतून दोन गोष्टी काढाव्यात: वर्षात किती रुग्ण आले, आणि दंशानंतर किती वेळाने आले. या दोन आकड्यांवर प्रत्येक केंद्राचे गुणोत्तर वेगळे निघते, आणि कुपी कुठे ठेवायची हे त्यावरून ठरते. मुदत संपत आलेल्या कुप्या जास्त रुग्ण येणाऱ्या रुग्णालयात वेळेवर हलवल्या, तर नासाडी जवळपास मिटते. प्राझोसिनबद्दल मात्र असा कसलाही पेच नाही. ती प्रत्येक केंद्रात, प्रत्येक उपकेंद्रात असलीच पाहिजे. एका जीवाला आठशे रुपये धरले तरीही.

पुढच्या प्रकरणांत लसीकरण, क्षयरोग, डायलिसिस अशा कार्यक्रमांचे अधिक गुंतागुंतीचे हिशेब येतील. तिथे आकडे मोठे असतील, प्रारूपे किचकट असतील, पण विचारायचे प्रश्न हेच राहतील. खर्च कोणाच्या खिशातला धरला? तुलना कोणाशी केली? फळ कोणत्या मापात मोजले, आणि त्या मापात कोणाचा त्रास दिसेनासा झाला? कोणता एक आकडा बदलला तर निर्णय उलटेल? वैद्यकीय अधिकारी, जिल्हा परिषदेचे सदस्य, आरोग्याच्या प्रश्नांवर लिहिणारे पत्रकार आणि गावाच्या आरोग्य समितीवर बसणारी माणसे यांनी हे प्रश्न विचारायला सुरुवात करावी, यासाठी हे पुस्तक आहे. भागाकार कोणालाही करता येतो. भाजक कोणी आणि का निवडला, हे विचारण्याचा हक्क मात्र ज्यांच्या अंगावर तो निर्णय येणार आहे त्यांचा आहे.